विश्लेषण : गावाच्या ग्रुपवर शिवीगाळ झाली, तर ॲडमिन काय करू शकतो?

देवगड तालुक्यातील मिठबावसारख्या किनारपट्टीवरील गावाची अर्धी माणसे गावात, तर अर्धी मुंबई-ठाण्यात असतात. दोन्हीकडच्यांना जोडून ठेवतो तो गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप. देवळातील उत्सव, गणपतीसाठी सुटणाऱ्या गाड्या, नळाचे पाणी, कोणाच्या घरचे दुःख, हे सारे तेथेच कळते. आणि एखाद्या रात्री त्याच ग्रुपवर कोणीतरी कोणाबद्दल नको ते लिहितो. मग शेकडो जण एकाच माणसाकडे पाहतात, तो म्हणजे ॲडमिन. त्याने काय करायचे? काही केले नाही तर पोलीस त्याला धरतील का? ‘रिपोर्ट’ आणि ‘ब्लॉक’ ही बटणे नेमकी कोणाच्या कामाची? यातील एका प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातील एका खटल्याने दिले आहे.

गोंदियाचे प्रकरण काय होते?

गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव येथे 2016 मध्ये एका महिलेने पोलिसांत तक्रार दिली. ती एका व्हॉट्सॲप ग्रुपची सदस्य होती. ग्रुपमधील एका पुरुष सदस्याने तिच्याबद्दल अश्लील भाषा वापरली, अशी तिची तक्रार होती. पण तक्रार तेवढ्यावर थांबली नाही. ग्रुपच्या ॲडमिनने त्या सदस्याला काढले नाही, माफी मागायला सांगितले नाही, उलट आपण काही करू शकत नाही, असे म्हणून हात वर केले, असेही तिने सांगितले. त्यामुळे लिहिणाऱ्याबरोबर ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. लैंगिक छळ, स्त्रीच्या विनयाचा अवमान, चिथावणी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 67, अशी कलमे त्यात होती. आरोपपत्रही दाखल झाले. ॲडमिन हा खटला रद्द करून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे गेला.

न्यायालयाने ॲडमिनला का वगळले?

न्यायमूर्ती झका हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी ॲडमिनविरुद्धचा खटला रद्द केला. त्यामागचा तर्क साधा आहे. ग्रुप तयार करणाऱ्याला कोणता सदस्य उद्या काय लिहील हे आधी कळू शकत नाही. मेसेज ग्रुपवर पडण्यापूर्वी तो तपासण्याचा किंवा अडवण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो. सदस्याला घेणे आणि काढणे एवढेच त्याच्या हाती असते. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी एखाद्याला जबाबदार धरायचे, तर कायद्यात तशी स्पष्ट तरतूद हवी, आणि ॲडमिनबाबत तशी तरतूद नाही.

याचा अर्थ ॲडमिनला सगळे माफ, असा मात्र नाही. लिहिणारा आणि ॲडमिन यांचा आधीच ठरलेला समान हेतू दिसला, दोघांनी मिळून ते घडवून आणले असे पुराव्यात आले, तर ॲडमिनही अडकतो. आक्षेपार्ह मजकूर त्याने स्वतः टाकला किंवा पुढे पाठवला, तर तो त्याचा स्वतःचा गुन्हा ठरतो. केवळ ‘ॲडमिन’ या पदामुळे तो आरोपी होत नाही, एवढेच या निकालाचे सांगणे आहे. पुढे केरळ उच्च न्यायालयानेही 2022 मध्ये याच दिशेने निकाल दिला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. न्यायालयाने ॲडमिनला तुरुंगातून वाचवले. पण त्या महिलेचा मूळ प्रश्न, म्हणजे ‘मला सर्वांसमोर असे बोलले गेले तेव्हा ग्रुपने काय केले’, हा न्यायालयासमोर नव्हताच. तो ग्रुपनेच सोडवायचा असतो.

आज ॲडमिनच्या हाती काय आहे?

हा खटला झाला तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता. 2022 मध्ये व्हॉट्सॲपने ती सोय दिली. आता ॲडमिन कोणत्याही सदस्याचा मेसेज दाबून धरून ‘सर्वांसाठी डिलीट’ करू शकतो. मेसेजच्या जागी तो ॲडमिनने काढल्याची ओळ दिसते आणि कोणत्या ॲडमिनने काढला हेही कळते. मात्र त्यासाठी मेसेज पडल्यापासून साधारण दोन दिवसांचीच मुदत असते. शिवाय कोणी तोवर स्क्रीनशॉट घेतला असेल किंवा मेसेज दुसरीकडे पाठवला असेल, तर तो तेथून पुसला जात नाही.

दुसरे साधन म्हणजे ग्रुपच्या सेटिंगमधील परवानग्या. ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ ही सोय चालू केली की ग्रुप काही काळ गप्प होतो. नवीन सदस्याला ॲडमिनची मंजुरी लागेल, अशीही सोय आहे. ग्रुपची लिंक कोणीही कोठेही टाकत असेल, तर जुनी लिंक रद्द करून नवी काढता येते.

जे नाही तेही माहीत असावे. एकाच सदस्याला आठवडाभर गप्प बसवायचे, पण ग्रुपमध्ये ठेवायचे, हे व्हॉट्सॲपवर जमत नाही. त्याला काढावे लागते आणि मुदत संपल्यावर पुन्हा घ्यावे लागते. फेसबुकच्या ग्रुपवर मात्र सदस्याला ठरावीक काळ निलंबित करता येते आणि पोस्ट मंजुरीनंतरच दिसेल, अशी व्यवस्था ठेवता येते.

‘रिपोर्ट’ केल्यावर मेसेज कोणाकडे जातो?

सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. ‘मी रिपोर्ट केले, तरी ॲडमिनने काही केले नाही,’ असे सदस्य म्हणतात. पण व्हॉट्सॲपमधील ‘रिपोर्ट’ ही तक्रार ॲडमिनकडे नाही, तर कंपनीकडे जाते. ॲडमिनला त्याचा पत्ताही लागत नाही.

व्हॉट्सॲपचे मेसेज दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणून एरवी कंपनीलाही ते वाचता येत नाहीत. रिपोर्ट केल्यावर त्या व्यक्तीने किंवा ग्रुपने तक्रारदाराला पाठवलेले शेवटचे पाच मेसेज कंपनीकडे जातात. ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याला ते कळवले जात नाही. कंपनी ते आपल्या अटींच्या चौकटीत तपासते. फसवणूक, बनावट खाते, अश्लील चित्रे किंवा एकगठ्ठा जाहिराती यासाठी हे बटण उपयोगी पडते. ‘अमक्या वाडीतल्या तमक्याने माझ्या वडिलांचा अपमान केला’ हे दूर बसलेल्या तपासनिसाला कळण्याची शक्यता मात्र कमी. त्यासाठी ॲडमिनलाच सांगावे लागते. म्हणून ग्रुपच्या माहितीत ‘तक्रार कोणाकडे करायची’ याखाली दोन ॲडमिनची नावे लिहिलेली असावीत. त्यातील एक महिला असेल, तर गोंदियासारख्या प्रसंगात तक्रार करणे सोपे जाते.

कंपनीने दाद दिली नाही, तर पुढची पायरी आहे. केंद्र सरकारच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक समाजमाध्यम कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचा निर्णय पटला नाही, तर तो मिळाल्यापासून 30 दिवसांत सरकारच्या तक्रार अपील समितीकडे gac.gov.in या संकेतस्थळावर अपील करता येते.

ब्लॉक केल्याने प्रश्न सुटतो का?

ब्लॉक हे फक्त स्वतःपुरते दार लावणे आहे. ब्लॉक केलेली व्यक्ती थेट मेसेज किंवा फोन करू शकत नाही, तिला आपले स्टेटस दिसत नाही. पण दोघे एकाच ग्रुपमध्ये असतील, तर तेथे दोघांनाही एकमेकांचे मेसेज दिसतच राहतात. म्हणजे रात्री-अपरात्री वैयक्तिक मेसेज करून त्रास देणाऱ्यासाठी ब्लॉक हा उपाय आहे. ग्रुपवर चारचौघांत केलेल्या अपमानावर तो उपाय नाही. एखाद्या महिलेने तक्रार केली आणि ॲडमिनने ‘ताई, तुम्ही त्याला ब्लॉक करा’ असे उत्तर दिले, तर त्याने प्रश्न सोडवलेला नसतो, परत तिच्याच पदरात टाकलेला असतो.

आणखी एक सावधगिरी. ब्लॉक करताना चॅट पुसली गेली, तर पुरावाही जातो. म्हणून आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, हा क्रम चुकवू नये.

नियम कसे लिहावेत?

बहुतेक ग्रुपच्या माहितीत ‘सभ्य भाषा वापरावी, राजकीय पोस्ट टाकू नये’ अशी एखादी ओळ असते. ही ओळ लागू करायला गेले की वाद होतो, कारण ती प्रत्येक जण आपापल्या परीने वाचतो.

मालवणी मुलखात ‘सभ्य भाषा’ हा शब्द तर अधिकच निसरडा आहे. येथे जिवलग मित्र एकमेकांना शिवी देऊनच हाक मारतात आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही. उलट एकही शिवी न वापरता एखाद्या बाईच्या चारित्र्यावर असे काही लिहिता येते की तिला उंबऱ्याबाहेर पडणे कठीण व्हावे. शब्दांची यादी करून बंदी घातली, तर पहिला सापडतो आणि दुसरा सुटतो. फेसबुक ग्रुपवर ठरावीक शब्द आले की ॲडमिनला सूचना मिळण्याची सोय आहे. मालवणीत तिची हीच अडचण होते. म्हणून नियम शब्दावर नव्हे, कृतीवर लिहावा. ‘शिवी देऊ नये’ यापेक्षा ‘कोणाच्याही शरीराबद्दल, चारित्र्याबद्दल, जातीबद्दल किंवा घरच्या बायकांबद्दल लिहू नये’ हा नियम लावायला सोपा, कारण तो मोडला की नाही हे मेसेज वाचून कोणालाही सांगता येते.

‘राजकारण नको’ या नियमाचेही तसेच. नळाला पाणी का आले नाही, हा प्रश्न ग्रामपंचायतीला विचारणे हे राजकारण की गावाचे काम? एखाद्याला ते राजकारण वाटले, तर तो याच नियमाखाली पाण्याचा प्रश्न बंद पाडू शकतो. त्याऐवजी ‘ग्रामपंचायतीच्या कामाबद्दल विचारता येईल, पक्षाचा प्रचार, फलक आणि नेत्यांचे व्हिडिओ टाकता येणार नाहीत’ असे लिहिले की रेघ स्पष्ट होते.

नियम चार-पाचच असावेत, त्यांना क्रमांक असावेत आणि प्रत्येक नियमापुढे तो मोडल्यास काय होईल हेही असावे. प्रचाराचा फलक टाकला, तर पहिल्या वेळी मेसेज काढून खासगीत समज पुरेशी आहे. पण एखाद्याच्या अब्रूवर घाला घालणाऱ्या मेसेजला ‘पहिली वेळ’ म्हणून सोडता येत नाही. तेथे पहिल्याच वेळी 30 दिवस ग्रुपबाहेर, अशी शिक्षा आधीच लिहिलेली असावी. आधी लिहिलेले असले की ॲडमिनला त्या रात्री ‘मी आता काय करू’ असा विचार करावा लागत नाही, आणि काढलेल्या माणसालाही ‘मलाच का’ असे म्हणता येत नाही.

मिठबावच्या ग्रुपवर असा प्रसंग आला तर?

समजा, मिठबावचा 350 जणांचा ग्रुप आहे. एक ॲडमिन गावात राहतो, तर दुसरी ॲडमिन मुंबईत. एका वाडीत चार दिवस पाणी नाही, म्हणून गावातील एक महिला ग्रुपवर विचारणा करते. रात्री 10.40 ला मुंबईतील एक गृहस्थ तिच्या चारित्र्याबद्दल अश्लील वाक्य लिहितात. पाच मिनिटांत तिच्या भावाचे तितकेच जहरी उत्तर येते.

पहिले काम पुराव्याचे. मेसेज पुसण्यापूर्वी ॲडमिनने स्क्रीनशॉट घ्यायचा. त्यात पाठवणाऱ्याचा नंबर, वेळ आणि आधीचे दोन-तीन मेसेज यायला हवेत, म्हणजे कोणत्या बोलण्यावर काय आले ते कळेल. घाईत आधी पुसणे ही नेहमीची चूक. त्या महिलेला पुढे पोलिसांत जायचे असेल, तर तिच्या हाती काहीच उरत नाही.

मग दोन्ही मेसेज सर्वांसाठी डिलीट करायचे. भावाचे उत्तर रागातून आले असले तरी नियम त्यालाही लागू. त्यानंतर ग्रुप सकाळपर्यंत ‘फक्त ॲडमिन’ या स्थितीत ठेवायचा. कारण मूळ मेसेजपेक्षा त्यावर रात्रभर येणाऱ्या पन्नास मेसेजनी भांडण वाढते. ग्रुपवर एकच सूचना टाकायची : ‘रात्री 10.40 नंतरचे दोन मेसेज नियम क्रमांक 2 नुसार काढले आहेत. ग्रुप सकाळी 8 वाजता पुन्हा सुरू होईल. पाण्याचा प्रश्न तेव्हा पुढे मांडता येईल.’ कोणी काय लिहिले, ते सूचनेत पुन्हा सांगायचे नाही. शेवटचे वाक्य मात्र हवेच. नाहीतर शिवी देणाऱ्याचा हेतू साधतो, म्हणजे पाण्याचा प्रश्न मागे पडतो.

यानंतरचा पहिला फोन त्या महिलेला. तिला काय हवे आहे हे विचारायचे, तिच्या वतीने ठरवायचे नाही. स्क्रीनशॉट तिच्याकडे पाठवायचा. दुसरा फोन त्या गृहस्थांना : ‘काका, तुमचा मेसेज काढला आहे. नियम क्रमांक 2 नुसार 30 दिवस तुम्ही ग्रुपबाहेर असाल. 31व्या दिवशी पुन्हा घेऊ.’ भांडण नाही, उपदेश नाही.

अनेक ठिकाणी ॲडमिन सर्वांसमोर माफी मागायला लावतात. जबरदस्तीची माफी ‘कोणाला वाईट वाटले असेल, तर माफ करा’ अशी येते आणि त्या वाक्यावरून दुसरे भांडण पेटते. माफी हवी की नको, ग्रुपवर हवी की फोनवर, हे ज्याचा अपमान झाला त्यानेच ठरवावे.

आणि ते गृहस्थ गावातील ॲडमिनच्या भावकीतले निघाले तर? कोकणातील गावात ही शक्यता मोठी. म्हणूनच नियमात लिहिलेले असावे की नात्यातील माणसाचा निर्णय दुसरा ॲडमिन घेईल. केलेल्या प्रत्येक कारवाईची तारीख, नियमाचा क्रमांक आणि शिक्षा एका वहीत टिपून ठेवली, तर सहा महिन्यांनी ती वहीच खरे काय ते सांगते. काढलेली सगळी माणसे एकाच वाडीतील किंवा एकाच पक्षाची दिसली, तर दोष सदस्यांचा नाही, नियम लावणाऱ्याचा आहे.

कोणत्या मेसेजला सकाळपर्यंतही थांबता येत नाही?

अफवेला. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे 1 जुलै 2018 रोजी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या काळात मोबाइलवरून पसरत होते आणि भिक्षा मागायला आलेले ते लोक त्या संशयाचे बळी ठरले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा आणली. आता अनेकदा फिरलेल्या मेसेजवर दुहेरी बाणाची खूण दिसते आणि तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो.

गावाच्या ग्रुपपुरता याचा नियम असा : अनोळखी माणूस, गाडी किंवा टोळी यांबद्दलचा मेसेज स्वतः पाहिलेला नसेल, तर टाकायचा नाही. पडलाच, तर ॲडमिनने तो आधी काढायचा आणि मग पोलीस ठाण्यात विचारायचे. तो खरा निघाला, तर पोलिसांच्या माहितीसह पुन्हा टाकता येतो. दहा मिनिटांचा उशीर भरून निघतो, जमाव निघाल्यावर काही भरून निघत नाही. दुहेरी बाण दिसला, तर तो मेसेज पाठवणाऱ्याने डोळ्यांनी पाहिलेला नाही, एवढे तरी नक्की.

पोलिसांकडे कधी जावे?

धमकी, पाठलाग, अश्लील मजकूर, खासगी छायाचित्रे पसरवणे, स्त्रीबद्दल लैंगिक शेरेबाजी, हे ग्रुपच्या नियमात बसवण्याचे विषय नाहीत, ते गुन्हे आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत लैंगिक शेरेबाजीसाठी कलम 75, तर स्त्रीच्या विनयाचा अवमान करणाऱ्या शब्दांसाठी कलम 79 आहे. कलम 79 खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा cybercrime.gov.in वर करता येते. अशा वेळी स्क्रीनशॉटबरोबर मूळ मेसेज फोनमध्ये शिल्लक असेल, तर तो तसाच ठेवावा आणि तो फोन बदलू किंवा रिसेट करू नये.

‘गावातले प्रकरण गावात मिटवू’ असे सांगून तक्रार करणाऱ्या महिलेला थांबवण्याचा अधिकार ॲडमिनला नाही. गोंदियाच्या निकालाने त्याला दुसऱ्याच्या गुन्ह्यातून मोकळे केले, ते त्याच्या हाती फारसे काही नव्हते म्हणून. आता त्याच्या हाती मेसेज काढण्याचे बटण आहे, ग्रुप थांबवण्याचे बटण आहे आणि त्याने ठरवले, तर चार ओळींचे नियमही आहेत. त्यामुळे कायद्याच्या दृष्टीने तो आजही केवळ ॲडमिन म्हणून आरोपी ठरत नसला, तरी ‘मी काय करू शकतो’ असे म्हणून हात वर करणे मात्र आता पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.